नेहमीच्या गिऱ्हाइकास दरवाढीचे पत्र

घरगुती खाद्यपदार्थ करून विकणाऱ्या महिला गटांना, लहान बेकरीवाल्यांना व खानावळ चालविणाऱ्यांना वर्ष-दोन वर्षांत एकदा तरी एक पत्र लिहावेच लागते. कच्चा माल महागलेला असतो, जुन्या दराने माल देणे परवडत नाही आणि ज्यांच्या भरवशावर धंदा उभा आहे त्या नेहमीच्या गिऱ्हाइकांस दर वाढत असल्याचे कळवायचे असते. हे पत्र बहुधा घाईघाईने लिहिले जाते आणि त्यात बहुधा एकच मजकूर असतो. तो असा :

"सर्व ग्राहकांस कळविण्यात येते की, वाढत्या महागाईमुळे व कच्च्या मालाच्या किमती प्रचंड प्रमाणात वाढल्यामुळे नाइलाजास्तव आमच्या मालाच्या दरांत वाढ करणे भाग पडले आहे. तरी नेहमीप्रमाणे सहकार्य करावे, ही विनंती."

या मजकुरात व्याकरणाची चूक नाही, विनयही आहे. परंतु हे पत्र हाती पडलेल्या गृहिणीस जे समजून घ्यायचे असते त्यातले काहीच त्यात नाही. दर किती वाढला, कोणत्या मालाचा वाढला, केव्हापासून वाढला आणि नेमका तेवढाच का वाढला, हे चारही प्रश्न अनुत्तरित राहतात. मग ती दुकानदाराला विचारते, दुकानदार आपल्या अंदाजाने सांगतो आणि गटाच्या नावावर गटाने न सांगितलेली कारणे फिरू लागतात.

असे पत्र मोघम होते याचे खरे कारण लिहिणाऱ्याला लिहिता येत नाही हे नसते. पत्र लिहिण्यापूर्वी करावयाचा हिशेब केलेला नसतो, हे ते कारण होय. म्हणून या पाठात प्रथम हिशेब पाहू, नंतर त्यातून पत्र कसे उतरते ते पाहू आणि शेवटी, कच्चा माल पुन्हा स्वस्त झाला म्हणजे त्याच पत्राने आपल्यावर कोणती जबाबदारी येते, तेही पाहू.

उदाहरण : तेल आणि चकली

उदाहरण म्हणून खाद्यतेलाची दरवाढ घेऊ, कारण ती सर्वांच्या स्मरणात असेल. आपल्या देशात लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल परदेशातून येते. १४ सप्टेंबर २०२४ पासून केंद्र सरकारने कच्चे पामतेल, सोयाबीन तेल व सूर्यफूल तेल यांवरील मूळ सीमाशुल्क शून्यावरून २० टक्के केले आणि याच तेलांच्या शुद्ध केलेल्या प्रकारांवरील शुल्क साडेबारा टक्क्यांवरून साडेबत्तीस टक्के केले. देशातील तेलबिया पिकविणाऱ्या शेतकऱ्यास बरा भाव मिळावा, हा त्यामागील हेतू होता. गणेशचतुर्थी नुकतीच, ७ सप्टेंबरला, झाली होती आणि दिवाळी दीड महिन्यावर होती. म्हणजे तळणीचे पदार्थ करणाऱ्यांच्या ऐन हंगामात तेलाचा भाव चढला.

आता समजा, गोव्यातील एका गावात महिलांचा एक गट आहे. तो चकली व नाचणीचे लाडू करतो. आठवड्याला तीस किलो चकली जाते. काही माल घरोघरच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांकडे थेट जातो, काही बाजारपेठेतील दुकानांतून विकला जातो. पाव किलोचे पाकीट ७० रुपयांना व अर्ध्या किलोचे १४० रुपयांना आहे. दुकानदारास पाव किलोचे पाकीट ६२ रुपयांना दिले जाते व तो ते ७० रुपयांना विकतो. या गटाचे पुढील आकडे रीत समजावी एवढ्यासाठी घेतले आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपले आकडे घालावेत.

ऑगस्ट महिन्यात दहा किलो चकलीचा खर्च असा होता :

भाजणी, दळणासह, ७ किलो, दर ८० रुपये : ५६० रुपये
सूर्यफूल तेल ४ लिटर, दर ११५ रुपये : ४६० रुपये
तीळ, ओवा, तिखट, मीठ : १३० रुपये
गॅस : १५० रुपये
पाकिटे व लेबले : १४० रुपये
कामाचा मोबदला : ७०० रुपये
वाहतूक व मोडतोड : १६० रुपये
एकूण : २,३०० रुपये

म्हणजे एका किलोस २३० रुपये खर्च आला. थेट विक्रीत किलोमागे २८० रुपये मिळतात, तेव्हा पन्नास रुपये उरतात. दुकानामार्फत विक्री झाली तर किलोमागे २४८ रुपये मिळतात आणि अठराच रुपये उरतात.

सप्टेंबरच्या अखेरीस गटाला तेल लिटरमागे ११५ ऐवजी १४० रुपयांनी घ्यावे लागू लागले. लिटरमागे २५ रुपये वाढले. दहा किलोस चार लिटर तेल लागते, म्हणून दहा किलोमागे १०० रुपये, एका किलोमागे १० रुपये आणि पाव किलोच्या पाकिटामागे अडीच रुपये खर्च वाढला.

येथे क्षणभर थांबून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी की, तेल जवळजवळ बावीस टक्क्यांनी महागले, परंतु चकलीचा खर्च २३० वरून २४० झाला, म्हणजे चार टक्क्यांहून थोडा अधिक वाढला. तेल हा खर्चाचा एक भाग आहे, सर्व खर्च नव्हे. "तेल वीस टक्क्यांनी वाढले, म्हणून आम्हीही वीस टक्के वाढविले" असे म्हणणारा विक्रेता स्वतः फसलेला तरी असतो, नाही तर दुसऱ्याला फसवीत तरी असतो. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या गिऱ्हाइकाला ही गोष्ट आकडेमोड न करताही कळते.

दुसरी गोष्ट याच्या उलट बाजूची आहे. चार टक्के ही वाढ लहान वाटते, म्हणून "राहू द्या, सोसून नेऊ" असे म्हणण्याचा मोह होतो. दुकानामार्फत विकलेल्या मालावर किलोमागे अठरा रुपये उरत होते, त्यांतील दहा गेले तर आठच उरतात. आठवड्याच्या तीस किलोंवर ३०० रुपये व चार आठवड्यांत १,२०० रुपये कमी होतात. पुढच्या खेपेस भाजणीचे धान्य उधारीवर आणण्याची पाळी येते ती येथूनच. दरवाढ थोडी असली तरी ती वेळेवर व्हावी लागते, ती यासाठी.

हिशेबात चूक कोठे होते

या सर्व हिशेबात सर्वांत नाजूक आकडा तेलाच्या खपाचा आहे. दहा किलोस चार लिटर तेल लागते हे आपल्याला कसे कळले? बहुतेक ठिकाणी ते अंदाजानेच सांगितले जाते. ते मोजणे अवघड नाही. तळणी सुरू करण्यापूर्वी पिठात मोहन म्हणून घातलेले व कढईत ओतलेले तेल मोजून लिहावे. मध्ये जेवढी भर घातली तीही लिहावी. तळणी संपल्यावर उरलेले तेल थंड करून गाळावे व मोजावे. पुन्हा वापरता येणारे तेल वजा करावे, टाकून द्यावे लागणारे मात्र खपातच धरावे. तीन वेगवेगळ्या दिवशी असे मोजून सरासरी काढली म्हणजे विश्वासार्ह आकडा मिळतो.

असे मोजताना कधी कधी एक अडचणीची गोष्ट बाहेर येते. तेलाचा भाव वाढला हे खरेच, पण आपला खपही वाढलेला असतो. पीठ सैल भिजवले गेले किंवा तेल पुरते तापण्यापूर्वी चकली सोडली तर ती अधिक तेल पिते. अशी चकली कागदावर ठेवली तर कागदावर मोठा डाग उमटतो व ती दोन दिवसांत मऊ पडते. या दोषाचा खर्च गिऱ्हाइकाच्या अंगावर टाकणे योग्य नव्हे. म्हणून पत्र लिहिण्यापूर्वी आधी खप मोजावा, दोष असेल तर सुधारावा आणि उरेल तेवढीच वाढ हिशेबात धरावी.

दुसरी चूक लिटर व किलो यांच्या घोटाळ्याने होते. एक लिटर तेलाचे वजन एक किलो नसते, ते सुमारे ९१० ग्रॅम असते. बाजारात पंधरा लिटरचा डबा मिळतो आणि पंधरा किलोचाही मिळतो. पंधरा लिटरच्या डब्यात साधारण साडेतेरा किलोंहून थोडेच अधिक तेल असते. ऑगस्टचे बिल किलोचे आणि सप्टेंबरचे लिटरचे असेल आणि दोन्ही दर तसेच शेजारी मांडले, तर वाढ खरी आहे त्याहून कमी दिसते. याच्या उलट झाले तर ती जास्त दिसते. दोन्ही बिले एकाच मापात आणूनच तुलना करावी.

तिसरी चूक म्हणजे घरात शिल्लक असलेल्या तेलाचा विसर पडणे. आपल्या गटाकडे २५ सप्टेंबर रोजी जुन्या भावाने घेतलेले पंधरा लिटरचे दोन डबे शिल्लक आहेत, असे समजू. आठवड्याला तीस किलो चकलीस बारा लिटर तेल लागते. म्हणजे हे तीस लिटर तेल अडीच आठवडे पुरेल. तेवढे दिवस चकली जुन्या खर्चातच तयार होणार आहे. तेव्हा नवा दर ऑक्टोबरच्या मध्यापूर्वी लावण्यास आधार नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क वाढल्यावर तीनच दिवसांनी, १७ सप्टेंबरला, केंद्र सरकारच्या अन्न विभागाने तेल कंपन्यांच्या संघटनांना हेच सांगितले होते की, कमी शुल्काने आयात केलेला साठा असेतोवर छापील किंमत वाढवू नये. मोठ्या कंपनीकडून जी अपेक्षा आपण करतो ती आपल्या दोन डब्यांनाही लागू पडते.

किती वाढवावे

हिशेबाने पाव किलोच्या पाकिटामागे अडीच रुपये आले. आता किंमत ७२ ठेवावी, ७३ ठेवावी की सरळ ७५? गटाच्या बैठकीत ७५ चा आग्रह होणे स्वाभाविक आहे, कारण सुट्या पैशांचा त्रास वाचतो. परंतु पाच रुपये वाढविले तर त्यातले अडीच रुपये तेलाचे नव्हेत, आणि पत्रात मात्र कारण तेलाचे लिहिले जाणार. येथे पत्र खोटे होऊ लागते. सोय हवी असेल तर ती अर्ध्या किलोच्या पाकिटात आयती मिळते. तेथे खर्च नेमका पाच रुपयांनी वाढला आहे, म्हणून १४० चे १४५ करावेत. पाव किलोच्या पाकिटास ७२ रुपये करून पन्नास पैसे गटाने सोसावेत.

किंमत न वाढविता तोच परिणाम साधण्याच्या दोन वाटा नेहमी सुचविल्या जातात. पहिली, पाकिटातील माल कमी करणे. पाव किलोच्या जागी २४० ग्रॅम भरले तर ते लेबलावर तसे लिहावेच लागते. लेबलावर २५० आणि आत २४० हा वैध मापन कायद्याखाली अपराध आहे. लेबल बदलले तरी नेहमीचे गिऱ्हाईक पाकीट ओळखीने उचलते, लेबल वाचून नव्हे. म्हणून वजन घटविले तर तेही पत्रात तितक्याच ठळकपणे सांगावे लागेल. मग दर वाढविल्याचे सांगणे काय वाईट? दुसरी वाट म्हणजे तेच तेल अधिक वेळा तळणीस वापरणे. ही वाट बंदच समजावी. वारंवार तापविलेल्या तेलात तयार होणाऱ्या घातक घटकांवर अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून पंचवीस टक्क्यांची मर्यादा घातली आहे. काळपट पडलेले, फेसाळणारे, लवकर धुरावणारे तेल उपकरण नसतानाही ओळखता येते आणि अशा तेलाची चव चकलीत उतरल्यावाचून राहत नाही.

पत्र

एवढे झाल्यावर पत्र लिहिणे सोपे होते. घरोघरच्या गिऱ्हाइकांसाठी ते असे लिहिता येईल :

दिनांक २५ सप्टेंबर २०२४

स. न. वि. वि.

आपण आमच्याकडील चकली नेहमी घेता. येत्या १५ ऑक्टोबरपासून चकलीच्या पाव किलोच्या पाकिटाची किंमत ७० रुपयांवरून ७२ रुपये आणि अर्ध्या किलोच्या पाकिटाची किंमत १४० रुपयांवरून १४५ रुपये होईल. नाचणीच्या लाडवांच्या दरात बदल नाही.

सूर्यफूल तेल आम्हांस ऑगस्टमध्ये लिटरला ११५ रुपयांनी मिळत होते. आता ते १४० रुपयांनी घ्यावे लागते. एक किलो चकलीस, वाया जाणारे धरून, चारशे मिलिलिटर तेल लागते. त्यामुळे किलोमागे दहा रुपये, म्हणजे पाव किलोमागे अडीच रुपये, खर्च वाढला आहे. पाव किलोच्या पाकिटावरील पन्नास पैसे गट सोसणार आहे.

पाकिटातील वजन, भाजणी आणि तेलाचा प्रकार पूर्वीचाच राहील. दिवाळीसाठी आजपर्यंत नोंदविलेला माल, तो केव्हाही न्या, जुन्याच दराने मिळेल.

दर तीन महिन्यांनी आम्ही हाच हिशेब पुन्हा पाहणार आहोत. तेलाचा भाव उतरून महिनाभर टिकला तर त्या प्रमाणात दर कमी करू व आपणांस कळवू. तेलाची बिले गटाकडे पाहावयास मिळतील.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपल्या नम्र,
अध्यक्षा व चिटणीस

या पत्रातील वाक्यांचा क्रम मुद्दाम ठेवलेला आहे. पहिल्याच परिच्छेदात दर व तारीख आहे, कारण वाचणारा तेच शोधतो. आधी चार ओळी महागाईचे वर्णन आणि मग शेवटी आकडा, अशी मांडणी केली तर वाचणाऱ्यास वाटते की, आकडा सांगण्याचे धैर्य होत नाही, म्हणजे तो मोठा असावा. लाडवांचा उल्लेखही तेथेच हवा, नाही तर सर्वच माल महागला असे समजले जाते.

कारण सांगताना "महागाई" हा शब्द टाळला आहे. महागाई सर्वांचीच आहे, गिऱ्हाइकाचीही आहे. आपण ती त्याला सांगणे म्हणजे त्याचेच दुःख त्याला ऐकविणे होय. त्याऐवजी आपण स्वतः दिलेले दोन भाव सांगितले आहेत. सीमाशुल्काचा उल्लेखही केलेला नाही. शुल्क वाढले हे खरे, परंतु गटाच्या हिशेबात आलेली गोष्ट शुल्क नव्हे, बिल आहे. जे आपल्या वहीत आहे तेच आपण खात्रीने सांगू शकतो आणि दाखवू शकतो.

नोंदविलेल्या मालाचे वाक्य गटाला काही पैशांस पडते. समजा, चतुर्थीच्या वेळीच दिवाळीसाठी चाळीस किलोंची मागणी नोंदली गेली होती. हा माल १५ ऑक्टोबरनंतर, नव्या भावाच्या तेलात तळला जाणार. किलोमागे दहा रुपये धरले तर गटाला ४०० रुपये सोसावे लागतील. परंतु दर ठरवून मागणी घेतली तेव्हा शब्द दिलेला होता. तो मोडून वाचविलेले ४०० रुपये पुढच्या चतुर्थीला मागणी नोंदविताना गिऱ्हाइकाच्या मनातील शंकेच्या रूपाने परत द्यावे लागतात. जुनी ७० रुपयांची लेबले शिल्लक असतील ती या मालासाठी वापरता येतात, तेवढीच बचत.

लेबलांविषयी आणखी एक दक्षता घ्यावी. जी पाकिटे ७० रुपये किंमत छापून भरून झाली आहेत, ती तारीख उलटली तरी ७० रुपयांनाच विकावी लागतात. छापील किंमत खोडणे किंवा तिच्यावर वाढीव किमतीची चिकटपट्टी लावणे नियमाविरुद्ध आहे. १४ ऑक्टोबरला दुकानात किती जुनी पाकिटे शिल्लक आहेत ते मोजून घेतले तर एकाच फळीवर दोन दर दिसण्याचे कारण दुकानदारास सांगता येते.

दुकानदारांना मात्र हेच पत्र पाठवू नये. त्यांना दोन दर कळणे आवश्यक असते : त्यांनी आम्हांस द्यावयाचा आणि त्यांनी गिऱ्हाइकाकडून घ्यावयाचा. पाव किलोस पूर्वी ६२ व ७० होते, आता ६४ व ७२ होतील, असे स्पष्ट लिहावे. त्यांचे आठ रुपये जसेच्या तसे राहतात हे त्यांना पहिल्याच ओळीत दिसले म्हणजे पुढचा मजकूर ते शांतपणे वाचतात. घरोघरी पाठविलेल्या पत्राची एक प्रत सोबत जोडावी, म्हणजे फळीवर विचारणाऱ्यास दुकानदार तेच कारण सांगेल.

तेल उतरले म्हणजे

येथपर्यंतचे काम पुष्कळ जण नीट करतात. खरी परीक्षा पुढे असते. ३० मे २०२५ रोजी केंद्र सरकारने कच्च्या पामतेल, सोयाबीन व सूर्यफूल तेलांवरील मूळ सीमाशुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणले. अशा वेळी किरकोळ भाव लगेच व तेवढ्याच प्रमाणात उतरतो असे नाही. जगातील बाजारभाव आणि व्यापाऱ्यांकडील साठा यांवरही तो अवलंबून असतो. म्हणून वर्तमानपत्रातील बातमीवरून दर बदलू नये, आपल्या बिलावरून बदलावा. परंतु बिल मात्र पाहावे.

समजा, जुलै महिन्याच्या हिशेबात गटाला तेल १४० ऐवजी १३० रुपयांनी मिळू लागले आहे आणि महिनाभर तोच भाव टिकला आहे. लिटरमागे दहा रुपये उतरले, दहा किलोस चार लिटर, म्हणजे किलोमागे चार रुपये व पाव किलोमागे एक रुपया खर्च कमी झाला. बैठकीत कोणी तरी म्हणणारच की, एका रुपयासाठी कोणी विचारायला आले नाही, राहू द्या. हे म्हणणे खरे आहे. कोणी विचारायला येत नाही. परंतु पत्रात आपण लिहिले होते की, दर तेलामुळे वाढविला आणि तेल उतरल्यास कमी करू. ज्या गिऱ्हाइकाने ते पत्र वाचले ते स्वतःही तेल विकत घेते. तेल उतरलेले त्याला आपल्याइतकेच ठाऊक असते. गटाने पाव किलोचे पाकीट ७१ व अर्ध्या किलोचे १४३ रुपयांना केले आणि तसे दोन ओळींत कळविले, तर पाव किलोमागे त्याचा एक रुपया जातो. त्याच्या बदल्यात पहिल्या पत्रातील प्रत्येक आकडा खरा ठरतो आणि पुढील वेळी दर वाढवावा लागला तर बिले दाखवावी लागत नाहीत.

कधी असेही होते की, तेल उतरते पण दुसरे काही चढते. समजा, त्याच जुलैत भाजणी किलोमागे ८० ऐवजी ८४ रुपयांना पडू लागली. सात किलोस अठ्ठावीस रुपये, म्हणजे पाव किलोच्या पाकिटामागे सत्तर पैसे वाढले. तेलाचा एक रुपया कमी झाला, भाजणीचे सत्तर पैसे वाढले, उरले तीस पैसे. अशा वेळी दर ७२ ठेवणे योग्यच आहे, परंतु गप्प राहून नव्हे. "तेलात एक रुपया वाचला, भाजणीत सत्तर पैसे वाढले, म्हणून या खेपेस दर तोच ठेवला आहे" एवढे वाक्य पुरेसे आहे.

काम करणाऱ्या महिलांचा मोबदला वाढवायचा असेल तर तोही असाच उघडपणे सांगावा. तेल स्वस्त झाल्यावर वाचणारा रुपया न सांगता मोबदल्यात घालणे हे हेतूने चांगले असले तरी पत्राच्या दृष्टीने खोटे आहे. "कामाचा मोबदला वाढविला, म्हणून पाकिटामागे एक रुपया अधिक" असे सरळ लिहिलेले वाक्य गावातील गिऱ्हाईक समजून घेते, कारण चकली करणारे हात त्याच्या ओळखीचे असतात. तेच कारण तेलाच्या नावाखाली लपविलेले आढळले तर पहिले, पूर्णपणे खरे असलेले पत्रही त्याला खोटे वाटू लागते.

तात्पर्य, दरवाढीच्या पत्रात जो आकडा कारण म्हणून लिहाल त्याला पुढे बांधून राहावे लागते. म्हणून असा एकच आकडा निवडावा, जो आपल्या बिलात आहे, जो आपण मोजला आहे आणि जो उतरला तर आपण मान्य करू. गटाच्या वहीत एक पान यासाठी राखून ठेवावे. त्यावर तारीख, तेलाचा लिटरचा भाव, दहा किलोस लागलेले तेल, भाजणीचा दर आणि त्या दिवसाची पाकिटाची किंमत अशा पाच नोंदी दर तीन महिन्यांनी कराव्यात. पुढचे पत्र लिहिण्याची वेळ येईल तेव्हा त्यातील पहिला परिच्छेद व दुसरा परिच्छेद या पानावरून तसाच उतरून घेता येईल.